आत्याची मैफल आणि पंधरा मिनिटांची वेस

गुरुपौर्णिमेला आत्याच्या गायनवर्गाचा कार्यक्रम असतो. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, गाद्या घालून. शिष्य आधी गातात आणि शेवटी आत्या. यंदा तिने पूर्ण तयारीने गायचं ठरवलं होतं, आणि चित्रीकरण माझ्याकडे होतं. एक कॅमेरा स्टँडवर, आवाज मिक्सरमधून वेगळा घेतलेला. घरी कोथरूडला येऊन मी दोन्ही जोडले. व्हिडिओ झाला 1 तास 38 मिनिटांचा आणि फाइल 9.4 जीबीची. वर्गाच्या यूट्यूब चॅनेलवर तो चढवायचा होता, कारण न्यू जर्सीला गेलेली एक जुनी शिष्या रोज विचारत होती.

चॅनेल मीच मार्च महिन्यात काढून दिला होता. त्यावर तोवर तीन-चार मिनिटांच्या बंदिशी आणि तराणे असे दहाबारा व्हिडिओ होते, आणि कधीही काही अडलं नव्हतं. त्यामुळे मी निर्धास्तपणे फाइल टाकली आणि जेवायला बसलो. आमच्या घरी इंटरनेटचा वेग कागदावर 100 एमबीपीएस आहे, पण तो खाली उतरवण्याचा. वर चढवायचा वेग मोजला तर 20 च्या आसपास भरतो. 9.4 जीबीला 8 ने गुणलं की साधारण 75,000 मेगाबिट, त्याला 20 ने भागलं की तासाभराच्या थोडं वर. तेवढाच वेळ लागला. ताक पिऊन येतो तर पट्टी शंभर टक्क्यांवर होती, आणि थोड्या वेळाने त्याच ओळीत लिहून आलं: Processing abandoned. Video is too long.

पहिल्यांदा मला वाटलं, फाइल बिघडली असेल. संगणकावर चालवून पाहिली, व्यवस्थित चालत होती. मग वाटलं, फाइल फार जड झाली. म्हणून दर्जा कमी करून ती 3 जीबीवर आणली आणि पुन्हा टाकली. वीस मिनिटांनी तेच वाक्य. इथे मी माझा अर्धा रविवार घालवला, आणि तो घालवायची काही गरज नव्हती, कारण संदेशात जे लिहिलं होतं ते शब्दशः खरं होतं. तक्रार वजनाची नव्हती, लांबीची होती. मी मात्र long या शब्दाचा अर्थ मनातल्या मनात ‘मोठी फाइल’ असा लावून बसलो होतो.

नियम असा आहे. नव्या चॅनेलला, म्हणजे ज्याची फोन नंबराने पडताळणी झालेली नाही अशा चॅनेलला, 15 मिनिटांपर्यंतचेच व्हिडिओ चढवता येतात. पडताळणी झाली की ही मर्यादा एकदम 12 तास किंवा 256 जीबी होते, दोन्हींपैकी जे आधी भरेल ते. मधली पायरी नाही. आत्याचे आधीचे व्हिडिओ तीन-चार मिनिटांचे होते म्हणून ही वेस आम्हाला कधी दिसलीच नाही. आणखी एक खोच अशी की माझ्या बाबतीत नकार आला तो पूर्ण फाइल वर गेल्यावर. व्हिडिओ तपासायला घेतल्यावर त्याची लांबी पाहिली गेली असावी. त्यामुळे तासभर पट्टी सरकताना माणसाला वाटतं की सगळं सुरळीत चाललंय.

ही वेस का घातली, याचं कारण जुनं आहे. 2006 च्या मार्चमध्ये यूट्यूबने सर्वसाधारण खात्यांवर 10 मिनिटांची मर्यादा आणली, कारण लोक टीव्हीचे अख्खे भाग आणि सिनेमे सर्रास चढवत होते, आणि लांब फाइल बहुतेकदा दुसऱ्याच्या मालकीची निघत होती. 2010 च्या जुलैमध्ये ती 15 मिनिटं झाली. त्याच वर्षाच्या शेवटी, ज्यांच्या खात्यावर तक्रारी नाहीत अशा निवडक लोकांना त्याहून लांब व्हिडिओ चढवायची मुभा मिळू लागली. आज ती मुभा फोन नंबराच्या पडताळणीला बांधलेली आहे. ईमेलचे शंभर पत्ते कुणीही फुकट तयार करतो, पण शंभर चालू फोन नंबर मिळवायला पैसे आणि खटपट लागते. चोरून चढवणाऱ्याचा धंदा तिथे महाग पडतो. आत्यासारखीला एक नंबर देणं जड नाही. निदान असं मला तेव्हा वाटलं होतं.

आत्याला फोन करून सांगितलं, की सोपा उपाय म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे सात तुकडे करू. पलीकडे क्षणभर शांतता.

“विलंबितात पंधरा मिनिटांत मी पंचमापर्यंत तरी पोचते का रे? आणि तू तिथे कात्री लावणार?”

मी म्हटलं, बरं, बघतो.

शेजारच्या गृहस्थांनी ठामपणे सांगितलं की व्हेरिफाइड व्हायला एक लाख सबस्क्रायबर लागतात. वर्गाच्या चॅनेलला तेव्हा 143 होते. हा गोंधळ फार पसरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. चॅनेलच्या नावापुढे जी बरोबरची खूण दिसते, ती वेगळी. तिच्यासाठी अर्ज करायला खरोखरच 1,00,000 सबस्क्रायबर लागतात आणि तिचा व्हिडिओच्या लांबीशी काही संबंध नाही. जीमेलमध्ये शिरताना मोबाइलवर जो कोड येतो, तोही वेगळा. तो खातं तुमचंच आहे ना एवढं पाहतो. आपल्याला हवी ती तिसरी गोष्ट, चॅनेलची फोन पडताळणी. तिघींनाही ‘व्हेरिफिकेशन’ असंच म्हणतात, म्हणून सल्ला देणारा एकीबद्दल बोलत असतो आणि ऐकणारा दुसरीबद्दल ऐकत असतो.

पडताळणीचं पान सरळ पत्ता टाकून उघडतं: youtube.com/verify. मी तो टाकला, तर पानाने मला सांगितलं की तुमची पडताळणी आधीच झालेली आहे.

आता काय? एकीकडे झालेली आहे म्हणतात, दुसरीकडे व्हिडिओ लांब आहे म्हणतात. मी तिसऱ्यांदा फाइल चढवायला घेणार होतो, तेवढ्यात मुलीने खांद्यावरून डोकावून विचारलं, “बाबा, वरच्या कोपऱ्यात फोटो कुणाचा आहे?” पाहिलं तर राजगडाच्या बालेकिल्ल्याचा. म्हणजे माझ्या किल्ल्यांच्या चॅनेलचा. तो मी बऱ्याच वर्षांपूर्वी काढला, तेव्हाच नंबर देऊन पडताळला होता. वर्गाचा चॅनेल माझ्याच लॉगिनखाली, पण स्वतंत्र चॅनेल म्हणून काढलेला. ब्राउझरने नवं पान उघडताना मला माझ्याच चॅनेलवर नेऊन ठेवलं होतं.

या एका चुकीत बहुतेक लोक अडकत असावेत असं मला वाटतं. पडताळणी माणसाची होत नाही, लॉगिनचीही होत नाही, ती त्या-त्या चॅनेलची होते. एका लॉगिनखाली तीन चॅनेल असतील, तर एकाची झाली म्हणून उरलेल्या दोघांची होत नाही. म्हणून youtube.com/verify उघडण्याआधी उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारायची, Switch account निवडायचं, आणि ज्या चॅनेलवर व्हिडिओ चढवायचाय त्यावर यायचं. आमच्या बाबतीत तंबोऱ्याचं चित्र दिसलं की बरोबर जागी आलो.

चॅनेल नेमका कुठल्या पायरीवर आहे हे पाहायची अधिक खात्रीची जागा यूट्यूब स्टुडिओत आहे. संगणकावर studio.youtube.com उघडायचं, डाव्या पट्टीत खाली Settings, मग Channel, आणि त्यात Feature eligibility नावाचा भाग. तिथे तीन ओळी दिसतात. पहिली Standard features. ती सगळ्यांना मिळते, लहान व्हिडिओ आणि प्लेलिस्ट तिच्यात येतात. दुसरी Intermediate features. 15 मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ, मुखपृष्ठासारखं आपलं स्वतःचं चित्र लावणं आणि थेट प्रक्षेपण, हे सगळं या ओळीत. तिसरी Advanced features. तिच्यासाठी ओळखपत्र, स्वतःचा छोटा व्हिडिओ किंवा चॅनेलचा पुरेसा चांगला इतिहास लागतो. लांब व्हिडिओसाठी तिच्या वाटेला जायचं कारण नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी घाईघाईत आत्याचं ओळखपत्र स्कॅन करायला घेतलं होतं.

प्रत्येक ओळीच्या उजवीकडे एक शब्द असतो, आणि सगळी मेख त्या शब्दात आहे. माझ्या किल्ल्यांच्या चॅनेलवर दुसऱ्या ओळीपुढे हिरव्या अक्षरांत Enabled होतं. वर्गाच्या चॅनेलवर तिथेच Eligible होतं. दोन्ही शब्द दिसायला शुभ. Eligible वाचून माणूस म्हणतो, पात्र आहे म्हणजे झालं की. पण त्याचा अर्थ एवढाच की अर्ज करायला हरकत नाही, अर्ज अजून केलेला नाही. ओळ उघडली की खाली फोन नंबर पडताळण्याचं बटण दिसतं. लग्नपत्रिका छापायला देणं आणि लग्न लागणं यांत जेवढं अंतर, तेवढं या दोन शब्दांत आहे. Enabled दिसेपर्यंत फाइलला हात लावायचा नाही.

मी बटण दाबलं, देश भारत निवडला, कोड मेसेजने हवा असं सांगितलं आणि माझा मोबाइल नंबर टाकला. उत्तर आलं की या नंबरावर जास्तीत जास्त जेवढी खाती होऊ शकतात तेवढी झालेली आहेत.

एका फोन नंबरावर एका वर्षात दोनच चॅनेल पडताळता येतात. मी आठवायला लागलो. किल्ल्यांचा चॅनेल जुना, तो या वर्षाच्या हिशेबात येत नाही. पण डिसेंबरात सोसायटीच्या चॅनेलला माझाच नंबर दिला होता, गणपतीतल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तिथे टाकायचे होते म्हणून. आणि फेब्रुवारीत मुलीच्या चित्रकलेच्या चॅनेलला. कोटा भरला. डिसेंबरापर्यंत थांबायचं, नाहीतर दुसरा नंबर. बायकोचा नंबर हाताशी होता, पण माझ्या मनात आलं की वर्ग आत्याचा, चॅनेल आत्याचा, तर नंबरही तिचाच लागावा. पुढेमागे मला विचारावं लागू नये.

आत्या बटणांचा जुना फोन वापरते. कोड यायला तेवढा पुरतो, स्मार्टफोन लागत नाही. मी तिला फोन करून समजावलं, की आता तुला सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखव.

“अजिबात नाही,” आत्या म्हणाली. “बँकेतली मुलगी दर वेळी सांगते, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अगदी घरच्यालासुद्धा.”

“अगं, मी आहे ना.”

“आवाज काय, कुणीही काढतं हल्ली.”

तिचं काही चुकत नव्हतं. फोनवर कोड मागणाऱ्याला तो द्यायचा नसतोच, आणि मी नेमकं तेच करत होतो. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून निघून लॅपटॉप घेऊन नारायण पेठेत गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. तिच्या समोर बसून चॅनेल बदलला, तंबोरा दिसतोय ना पाहिलं, तिचा नंबर टाकला. वाट पाहिली. काही आलं नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. पुन्हा कोड मागवावा असं वाटलं, पण एकामागोमाग मागवत राहिलं की पुढे काही काळ मागताच येत नाही, हे आधी एकदा अनुभवलं होतं. म्हणून हात आवरला.

मग तिच्या फोनच्या पडद्यावर वरच्या बाजूला एक पाकीट लुकलुकताना दिसलं. मेसेजची पेटी गच्च भरली होती. जुन्या फोनांत मेसेज साठवायची जागा मोजकीच असते, ती भरली की नवा मेसेज आत येत नाही, दाराशी उभा राहतो. आत पाहिलं तर विजेच्या बिलाच्या सूचना, लॉटरी लागल्याच्या बतावण्या, आणि 2019 च्या दिवाळीचे शुभेच्छा संदेश. आत्या एकेक वाचून पुसायला लागली. काही पुसायला तयार नव्हती. पाचसहा गेल्यावर फोन थरथरला आणि कोड आत आला. पण आम्ही इतका वेळ काढला होता की तो टाकून उपयोग होईल याची मला खात्री वाटेना. नवा मागवला, या वेळी तो लगेच आला. आत्याने चष्मा लावला आणि सहा आकडे एकेक करून, सरगम म्हणावी तशा ठेक्यात सांगितले. मी टाकले. मेसेज आलाच नसता तर त्याच पानावर दुसरा पर्याय होता, फोन येऊन यंत्राच्या आवाजात आकडे ऐकू येतात. आत्याचा कान पाहता तोच आधी निवडायला हवा होता.

Feature eligibility पुन्हा उघडलं. दुसऱ्या ओळीपुढे आता Enabled होतं.

तरी पुन्हा 9.4 जीबी चढवायची माझी तयारी नव्हती. दोनदा हात पोळले होते. म्हणून आत्याला म्हटलं, तंबोरा लाव. एक स्थिर चित्र आणि त्यामागे सोळा मिनिटं तंबोऱ्याचा आवाज, असा व्हिडिओ लॅपटॉपवर केला. हलणारं काहीच नसल्याने तो जेमतेम काही एमबीचा झाला. आत्याच्याच वायफायवर तो Private ठेवून चढवला. नकार आला नाही, चित्र उमटलं, 16:02 अशी लांबी दिसली. पंधराच्या पलीकडे गेलो याचा याहून स्वस्त पुरावा नाही. नंतर तो पुसून टाकायला निघालो तर आत्या म्हणाली राहू दे, पोरं रियाजाला वापरतील. तो अजून आहे.

नाकारलेले जुने दोन व्हिडिओ यादीत तसेच होते. मला वेडी आशा होती की पडताळणी झाली म्हणजे ते आपोआप जिवंत होतील. झाले नाहीत. ते काढून टाकले आणि मूळ फाइल नव्याने चढवायचं ठरवलं. बुधवारी रात्रीच बसवली, कारण गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते आणि मध्येच राउटर बंद पडला असता. रात्री अकराला लावली, बाराच्या सुमाराला पूर्ण झाली. सुरुवातीला व्हिडिओ धूसर दिसतो, कारण कमी दर्जाची प्रत आधी तयार होते आणि चांगली नंतर. इतक्या लांब व्हिडिओला चांगली प्रत यायला वेळ लागला. सकाळी उठून पाहिलं तेव्हा आत्याच्या नऊवारीचे काठसुद्धा स्पष्ट दिसत होते.

न्यू जर्सीहून दुपारी उत्तर आलं, भैरवीपर्यंत ऐकलं म्हणून. आत्याला फोन केला. तिने तोवर एका शिष्येच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

“सगळं ठीक आहे,” ती म्हणाली, “पण वर ते चित्र कसलं लावलंयस? मी डोळे मिटून तोंड उघडलेलं.”

ते चित्र यंत्राने स्वतः मधूनच उचललं होतं. स्वतःचं चित्र लावायची मुभा त्याच दुसऱ्या ओळीत होती, जी आता उघडली होती. मी विचारलं, कुठला फोटो लावू? तिने सांगितलं, 1987 सालचा, तंबोऱ्याबरोबरचा, कपाटात वरच्या खणात आहे, येऊन घेऊन जा.